लहान मेंदू तपासताना या चुका टाळा

रात्री अकराच्या सुमारास एका टेम्पोचालकाला त्याच्या मेव्हण्याने कॅज्युअल्टीत आणलं. वय बावन्न. संध्याकाळपासून गरगरतंय आणि सहा-सात उलट्या झाल्यात. "गाडीवरची भजी खाल्ली दुपारी, तेच बाधलंय," मेव्हण्याने निदान करूनच आणलं होतं. ड्युटीवर मी होतो. खाटेवर आडवं करून मी त्यांना नीट तपासलं, निदान मला तरी तसं वाटलं. हातापायांत ताकद पूर्ण. बोट नाकाला लावायला सांगितलं, बरोब्बर लावलं. टाच गुडघ्यावर ठेवून नडगीवरून खाली घसरवली, तीही सरळ गेली. सीटी स्कॅन स्वच्छ. चक्कर थांबायचं इंजेक्शन दिलं आणि 'आतल्या कानाचा त्रास' असं लिहून मोकळा झालो.

पहाटे ते लघवीला जायला उठले, ते थेट डावीकडे कोसळले. सिस्टरने धरून उभं केलं तरी डावीकडेच कलत होते. एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या खालच्या, मधल्या भागात डावीकडे ताजा पक्षाघात दिसला. पायका म्हणतात त्या धमनीची आतली फांदी बंद झाली होती.

विद्यार्थ्यांना मी ही केस दरवर्षी सांगतो, कारण एका रात्रीत मी दोन चुका केल्या होत्या. सीटीवर विसंबलो ही त्यातली लहान. कवटीच्या मागच्या तळाशी जाड हाडांमुळे सीटीत ओरखडे उमटतात, आणि पहिल्या काही तासांतला पक्षाघात सीटीत तसाही बऱ्याचदा दिसत नाही. मोठी चूक ही, की मी त्यांना बसवलं नाही, उभं केलं नाही, चार पावलं चालवलं नाही. लहान मेंदूचा मधला पट्टा, म्हणजे व्हर्मिस, धडाचा तोल, चाल आणि डोळ्यांच्या हालचाली सांभाळतो. हातापायांचं काम बाजूच्या गोलार्धांकडे. मधला भाग गेला तर आडव्या माणसाची बोटं नाकावर अचूक बसतात आणि तोच माणूस खाटेच्या कडेला हात न टेकता बसू शकत नाही. पक्षाघाताची तीव्रता मोजायला सगळीकडे वापरतात त्या NIHSS तक्त्यातही धडाच्या तोलाला वेगळा रकाना नाही. त्यामुळे माणसाला उभं राहता येत नसताना त्याचा स्कोअर शून्य येऊ शकतो.

चक्कर आणि उलट्यांचा रुग्ण असेल तर आधी त्याला खाटेच्या कडेला बसवा, पाय खाली सोडा, हात छातीशी घडी घालायला सांगा. धड सावरत नसेल तर कानाचं निदान लिहिण्याआधी थांबा. कानाच्या आजारातही माणूस झोकांड्या खातो, पण सहसा आधाराशिवाय बसू आणि उभा राहू शकतो. जो बसूही शकत नाही, त्याला घरी पाठवू नका.

आता बोट-नाक चाचणीकडे वळू. सगळेच ती करतात आणि बरेचजण ती वाया घालवतात. का, ते कळायला लहान मेंदू नेमकं काय करतो ते पाहावं लागेल.

भरलेला समजून रिकामा हंडा उचललाय कधी? हात झटक्याने वर जातो. मेंदूने वजनाचा अंदाज बांधून जोर आधीच ठरवलेला असतो आणि अंदाज चुकतो. दुसऱ्यांदा मात्र तोच हंडा आपण अलगद उचलतो. हा अंदाज बांधणं आणि चुकला तर पुढच्या वेळेसाठी दुरुस्त करणं हे लहान मेंदूचं काम. पर्किंजी नावाच्या एकेका पेशीवर एक लाखाहून जास्त बारीक तंतूंकडून खबर येते: हात कुठे आहे, काय करायचा हुकूम निघालाय, सांधा किती वाकलाय. त्याच पेशीला मेंदूच्या देठातून येणारा एकच जाडजूड तंतू विळखा घालून बसलेला असतो. तो सेकंदाला साधारण एकदाच बोलतो. मान्य सिद्धांत असा, की हालचाल फसली की हा तंतू 'चुकलं' असं सांगतो आणि त्या वेळी जागे असलेले बारीक तंतूंचे जोड सैल पडतात. अशा शिकण्याचा आराखडा डेव्हिड मार यांनी 1969 मध्ये मांडला, आणि त्यात जोड सैल पडतात हे जेम्स अल्बस यांनी 1971 मध्ये सुचवलं. तंतूंचे जोड खरंच सैल होतात, हे मासाओ इतो यांच्या गटाने 1982 मध्ये प्रयोगातून दाखवलं. सगळे तपशील अजून सुटलेले नाहीत, पण खाटेशेजारी एवढं पुरतं.

अंदाज लागतोच कशाला? डोळ्याने पाहून हात दुरुस्त करायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग लागतो. झपकन बोटाकडे नेलेला हात तेवढ्यात जवळजवळ पोचलेला असतो. कोपर सरळ करणारा स्नायू हात फेकतो, तर वाकवणारा स्नायू ब्रेक लावतो. हा ब्रेक डोळ्यांची वाट न पाहता आधीच ठरलेल्या क्षणी लागायला हवा. लहान मेंदू दुखावला की ब्रेक उशिरा लागतो आणि हात लक्ष्याच्या पुढे जातो. मग डोळे पाहतात, हात मागे आणतात, तेही उशिरा, आणि तो पलीकडे जातो. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा उशीर. लक्ष्याजवळ जाताना वाढणारा तो थरकाप म्हणजे एकामागून एक उशिरा आलेल्या दुरुस्त्या. पार्किन्सनचा कंप हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो, तर हा नेमका पोचताना.

आता चूक कुठे होते ते दिसेल. तपासणारा आपलं बोट रुग्णाच्या नाकासमोर वीतभर अंतरावर धरतो. कोपर सरळ होतच नाही, ब्रेकची परीक्षाच होत नाही, आणि आपण 'नॉर्मल' लिहितो. बोट इतकं लांब धरा की रुग्णाचा हात पूर्ण ताणला जाईल. दुसरं म्हणजे वेग. बिचारा रुग्ण चुकू नये म्हणून हात सावकाश नेतो, आणि सावकाश नेला की डोळ्यांना दुरुस्तीला वेळ मिळतो. "जरा भरभर करा" म्हणा. चार-पाच वेळा बोट लागल्यावर आपलं बोट एकदम दुसरीकडे न्या आणि त्याचा हात नव्या जागेच्या पुढे जातो का, ते पाहा.

ताकदीचा घोळही इथेच होतो. घरचे सांगतात, "हातात जोर राहिला नाही, कप पडतो." फिजिओथेरपीला आलेल्या अशा एका बाईंना डंबेल्स दिलेले मी पाहिले आहेत. मनगट दाबून पाहिलं तर जोर पुरेसा होता. कप पडत होता तो पकड आणि उचलणं एकाच वेळी न जमल्याने. त्यांची हालचाल तुटक होती, आधी खांदा, मग कोपर, मग बोटं. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या भागात गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून गॉर्डन होम्स यांनी 1917 मध्ये हेच बारकाईने लिहून ठेवलं. त्यांच्या एका रुग्णाने पुढे सांगितलं होतं, की डावा हात आपसूक चालतो, उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल आधी विचार करून करावी लागते. ताज्या इजेत स्नायू थोडे ढिले आणि किंचित अशक्त वाटू शकतात, हेही होम्स यांनीच नोंदवलंय. पण तेवढ्याने कप पडत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. हात खरंच अशक्त असेल तर तोही डुगडुगतो, म्हणून अशक्तपणाच्या मानाने डुगडुग जास्त असेल तरच दोष लहान मेंदूला द्या. मनगटाला वजन बांधलं की काहींचा थरकाप कमी दिसतो, पण हात पुढे जाण्याची खोड त्याने वाढूही शकते. म्हणून बांधून पाहा, पण त्याला इलाज समजू नका.

बाजूची गल्लत थोडक्यात. मोठ्या मेंदूच्या पक्षाघातात विरुद्ध बाजू जाते, हे इतकं अंगवळणी पडलंय की उजवा हात चुकला की आपण डावीकडे बघतो. लहान मेंदूचा निरोप एकदा ओलांडून डाव्या मोठ्या मेंदूकडे जातो आणि तिथला हुकूम परत ओलांडून उजव्या हाताला येतो. दोनदा ओलांडल्यामुळे बाजू तीच राहते. उजवा हात चुकतोय, तर उजवा गोलार्ध.

रॉम्बर्ग चाचणीचं नाव निघालं की इंटर्न हमखास फसतात. पाय जुळवून उभं करायचं आणि मग डोळे मिटायला लावायचे. डोळे उघडे असताना स्थिर आणि मिटताच तोल गेला, तर बिघाड बहुधा पायांकडून येणाऱ्या संवेदनेत किंवा कानात असतो. ब १२ च्या कमतरतेत हे दिसतं. लहान मेंदूचा रुग्ण डोळे उघडे असतानाच पाय फाकवून उभा असतो, त्याला पाय जुळवताच येत नाहीत. 'रॉम्बर्ग पॉझिटिव्ह, म्हणजे लहान मेंदू' हे वाक्य खोडा.

एक कारण मात्र विचारायला विसरू नका: फिटची गोळी. फेनिटोइन रक्तात मिलिलिटरमागे 10 ते 20 मायक्रोग्रॅम असावं लागतं. 20 च्या वर डोळे थरथरू लागतात, 30 च्या आसपास चाल बिघडते. यकृताची ते पचवायची क्षमता मर्यादित असते, म्हणून रोजचा डोस 300 वरून 400 मिलिग्रॅम केला की पातळी एकतृतीयांशाने नाही, दुपटीनेही वाढू शकते. दोन्ही बाजू सारख्या बिघडल्या, डोळे थरथरतायत आणि महिन्याभरात डोस वाढलाय, तर एमआरआयच्या रांगेत लावण्याआधी रक्तातली पातळी पाहा. गोळी मनाने बंद करू नका, फिट येतील. डॉक्टरांनी डोस उतरवला की चाल बहुतेकांची सुधारते. वर्षानुवर्षं पातळी चढी राहिली असेल तर पर्किंजी पेशी मरतात आणि मग काही दोष राहून जातो.

टेम्पोचालकांना आम्ही तीन दिवस नजरेखाली ठेवलं. लहान मेंदूच्या पक्षाघाताला सूज येते ती साधारण याच दिवसांत, आणि जागा अपुरी असल्याने मेंदूतलं पाणी तुंबतं. आम्ही दर तासाला एवढंच पाहत होतो, की हाक मारली की चटकन ओ देतात का. सूज आली नाही. अडीच महिन्यांनी ते चालत ओपीडीत आले, पायांतलं अंतर जवळजवळ नेहमीचं. टाचेला चवडा लावून रेषेवर चालायला सांगितलं, तर चौथ्या पावलाला डावा पाय बाहेर पडला. "घरी कळत नाही हो," ते म्हणाले, "फक्त वळताना भिंतीला हात लावतो." टेम्पो अजून मेव्हणाच चालवत होता.