आई-बाबांच्या एफडीवरच्या सह्या

आई-बाबांचं बचत खातं आणि एफडी, सगळंच जोडनावावर. पावतीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' छापलेलं, त्यामुळे कुणाही एकाच्या सहीने कधीही पैसे निघतील असं घरात सगळे धरून चालले होते. बचत खात्यापुरतं ते खरं. एफडीत मात्र एकाची सही चालते ती मुदत संपल्यावर. आधी मोडायची तर दोघांच्या सह्या, आणि एक गेल्यावर दुसऱ्याला गेलेल्याच्या वारसांची संमती. आम्ही भावंडं तीन गावांत, म्हणजे झालंच!

यावर उपाय आहे एका पत्राचा, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते ठेव ठेवताना किंवा नंतरही देता येतं. आम्ही प्रत्येक पावतीचा नंबर घालून लिहिलं: 'आमच्यापैकी एकाच्या मृत्यूनंतर हयात ठेवीदारास मुदतपूर्व रक्कम द्यावी.' खाली दोघांच्या सह्या. पोचप्रतीवर शिक्का घेतला.

पावत्या चाळताना एक 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' निघाली, पहिलं नाव बाबांचं. म्हणजे बाबा हयात असेपर्यंत आईच्या एकटीच्या सहीला मुदत संपल्यावरही किंमत नाही. तीही दोघांच्या सहीने बदलून घेतली. नॉमिनी मी आहे खरा, पण माझा नंबर दोघांच्या पश्चात.