स्टँडर्ड टाइम काढताना या चुका टाळा: मशीनच्या वेळेला रेटिंग लावू नका

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये, एका नगाला किती वेळ द्यायचा हे ठरवणाऱ्या टाइम स्टडीचा कागद पाहिला, की एक चूक हमखास सापडते. पूर्ण सायकलची सरासरी घेतात, तिला ऑपरेटरच्या वेगाच्या रेटिंगने गुणतात आणि वर विश्रांती वगैरेचा अलाउन्स चढवतात.

ऑटो फीडच्या ड्रिल मशीनवर बिडाच्या कास्टिंगला भोक पाडायचं आहे असं धरू. जॉब फिक्श्चरमध्ये बसवून आवळायला 20 सेकंद, ड्रिलिंगला 40, जॉब काढून बर साफ करायला 20. एकूण 80 सेकंद. ऑपरेटरचा हात चपळ, म्हणून साधारण वेग 100 धरून रेटिंग 120.

80 ला 1.2 ने गुणलं की 96 सेकंद येतात, आणि इथेच हिशोब चुकतो. रेटिंग माणसाच्या वेगाचं असतं, आणि ड्रिल तर ऑपरेटर कोणीही असला तरी 40 सेकंदच घेणार. म्हणून हाताच्या 40 सेकंदांना गुणा, 48 येतील. त्यात मशीनचे 40 मिळवा. अलाउन्स चढवण्याआधीचा हा नॉर्मल टाइम, 88 सेकंद.

ऑपरेटर संथ असला तर हीच चूक कामगारावर उलटते. रेटिंग 80 धरून सगळ्याला गुणलं, तर ड्रिलिंगला 32 सेकंद मिळतात. तेवढ्यात ड्रिल खाली पोचतच नाही, मग टार्गेट पुरं होणार कसं? मला हा सरळ अन्याय वाटतो. पडताळा सोपा आहे: 300 आरपीएम आणि दर फेऱ्याला 0.2 मिमी फीड म्हणजे मिनिटाला 60 मिमी. 40 मिमी प्रवासाला 40 सेकंद लागणारच. कागदावर त्याहून कमी दिसले, तर रेटिंग चुकीच्या जागी लागलंय.

दुसरी गफलत अलाउन्सची. 15 टक्के, पण कशाचे? नॉर्मल टाइमचे असतील तर 88 × 1.15, म्हणजे 101.2 सेकंद. पाळीतल्या वेळेचे असतील तर 88 ÷ 0.85, म्हणजे सुमारे 103.5. आठ तासांत पहिल्या हिशोबाने 284 नग बसतात, दुसऱ्याने 278. युनियनशी बोलताना दोन्ही बाजूंच्या मनात वेगळा पाया असला, की या सहा नगांवरून वाद पेटतो. म्हणून टक्केवारीशेजारी पाया लिहून ठेवा. शिवाय चहाची सुट्टी पाळीच्या मिनिटांतून आधीच वजा केली असेल, तर ती अलाउन्समध्ये पुन्हा धरू नका.

आणि ड्रिलला धार लावायचा वेळ ‘मधेच आलेला अडथळा’ म्हणून खोडू नका. दर 40 नगांना 200 सेकंद जात असतील, तर नगामागे 5 सेकंद होतात. ते काम ऑपरेटर स्वतः करत असेल, तर त्यालाही रेटिंग लावून नॉर्मल टाइममध्ये मिळवा आणि मगच अलाउन्स चढवा.