हेलिकॉप्टर मनी आणि क्यूई: ताळेबंद मांडताना या चुका टाळा

दादरला एका क्लासमध्ये मी बँक कर्मचाऱ्यांना पदोन्नतीच्या परीक्षेसाठी शिकवतो. क्यूई, म्हणजे रिझर्व्ह बँकेने बाजारातून केलेली रोख्यांची मोठी खरेदी, आणि हेलिकॉप्टर मनी, म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता नवा पैसा थेट लोकांच्या हाती देणं, यांतला फरक विचारला की बहुतेक उत्तरं सारखीच येतात: 'दोन्हींत नोटाच छापतात, एकीत त्या बँकांना मिळतात, दुसरीत लोकांना.' हा घोळ फक्त विद्यार्थ्यांचा नाही. एप्रिल 2020 मध्ये तेलंगणचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी रिझर्व्ह बँकेने क्यूई करावी अशी मागणी केली आणि त्यालाच हेलिकॉप्टर मनी म्हटलं. दोन नोंदी समोरासमोर मांडल्या असत्या, तर हे झालं नसतं.

पहिली चूक: फक्त देणी बाजू पाहणं

एप्रिल 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने जी-सॅप हा सरकारी रोखे खरेदीचा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा पहिल्या तिमाहीसाठी 1 लाख कोटी रुपयांची खरेदी ठरवली होती. तोच आकडा धरू.

क्यूईमध्ये मिंट रोडवरची रिझर्व्ह बँक बँकांकडून 1 लाख कोटींचे सरकारी रोखे घेते आणि तेवढी रक्कम त्यांच्या तिच्याकडच्या खात्यांत जमा करते. तिची देणी 1 लाख कोटींनी वाढली, आणि रोख्यांच्या रूपाने मालमत्ताही तेवढीच वाढली. बँकांचा ताळेबंद मोठा झाला नाही. रोखे गेले, शिल्लक आली. सामान्य माणसाच्या बचत खात्यात एक रुपयाही पडला नाही. (रोखे विमा कंपनीने किंवा म्युच्युअल फंडाने विकले, तर त्यांची बँकेतली ठेव वाढते. पण त्यांचेही रोखे गेलेले असतातच.)

आता हेलिकॉप्टर. तेवढीच रक्कम रिझर्व्ह बँक बँकांमार्फत थेट लोकांच्या खात्यांत टाकते. बँकांकडे शिल्लक आली आणि लोकांच्या ठेवीही वाढल्या. रिझर्व्ह बँकेची देणी पुन्हा 1 लाख कोटींनी वाढली, इथवर चित्र हुबेहूब क्यूईसारखंच. विद्यार्थी इथेच पेन खाली ठेवतात. मालमत्ता बाजूला काय लिहायचं? काहीच नाही. रोखे आलेले नाहीत, कोणी परतफेड करणार नाही. ताळेबंद जुळवायला भांडवल आणि राखीव निधीतूनच 1 लाख कोटी वजा करावे लागतात.

काही जण हे खिंडार बुजवायला सरकारचा बिनव्याजी, कधीच न फिटणारा रोखा मालमत्ता बाजूला लिहितात. कागदावर ताळा बसतो. पण ज्याच्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत यायचं नाही, अशा रोख्याची बाजारात किंमत शून्य.

याचा परिणाम पुढे जाणवतो. महागाई चढली आणि पैसा परत ओढायचा झाला, तर क्यूईनंतर रिझर्व्ह बँकेकडे विकायला रोखे असतात. हेलिकॉप्टरनंतर त्या पैशापोटी आलेले रोखेच नसतात.

दुसरी चूक: क्यूईने सरकारचं कर्ज फिटलं असं समजणं

रोख्याचा धनी बदलला, रोखा तसाच आहे. सरकार त्यावर आता रिझर्व्ह बँकेला व्याज देतं. सोयीसाठी ते 7 टक्के धरू, म्हणजे वर्षाला 7,000 कोटी. रिझर्व्ह बँकेलाही बँकांची जादा शिल्लक सांभाळताना व्याज मोजावं लागतं. एप्रिल 2022 पासून त्यासाठी एसडीएफ ही सोय आहे. तो दर 5 टक्के धरला, तर 5,000 कोटी जातात. उरलेले 2,000 कोटी अधिशेष, म्हणजे खर्च-तरतुदी वजा जाता उरलेला नफा, म्हणून सरकारकडे परततात.

सरकार आणि रिझर्व्ह बँक हे एकच घर मानलं, तर दीर्घ मुदतीचं, ठरलेल्या व्याजाचं कर्ज जाऊन त्याच्या जागी रोज दर बदलू शकणारं कर्ज आलं, एवढंच झालं. एसडीएफचा दर 8 टक्क्यांवर गेला तर याच व्यवहारात वर्षाला 1,000 कोटींचा तोटा. ही नुसती कल्पना नाही. 2022 मध्ये दर चढल्यावर बँक ऑफ इंग्लंडच्या क्यूईतला तोटा ब्रिटनच्या अर्थखात्याला भरून द्यावा लागला, कारण तशी हमी आधीच दिलेली होती.

तिसरी चूक: हेलिकॉप्टर मनी फुकट धरणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. रोखा नाही म्हणून सरकारला व्याज नाही, असं लिहून विद्यार्थी मोकळे होतात. पण बँकांकडे आलेली 1 लाख कोटींची शिल्लक कुठे गेली? ती पुन्हा रिझर्व्ह बँकेकडेच येते आणि व्याज मागते. 5 टक्क्यांनी 5,000 कोटी दरवर्षी जाणार, समोर उत्पन्न शून्य. तेवढा अधिशेष कमी, म्हणजे सरकारच्या अंदाजपत्रकात तेवढी जमा कमी. सरकारने बदलत्या दराने कर्ज काढून तेच पैसे वाटले असते, तर बोजा जवळपास एवढाच पडला असता.

पळवाटा दोनच. लोकांनी पैसे नोटांच्या रूपात काढून घरात ठेवले, तर त्या भागावर व्याज नाही. किंवा सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींचा रिझर्व्ह बँकेकडे सक्तीने ठेवायचा हिस्सा, वाढवायचा, कारण त्या शिलकीवर रिझर्व्ह बँक व्याज देत नाही. पण मग तो खर्च बँकांच्या माथी बसतो आणि त्या तो ठेवीदार-कर्जदारांकडून वसूल करतात. हा एक प्रकारचा करच.

चौथी चूक: भांडवल घटलं म्हणजे बँक बुडाली

हे दुसरं टोक. मध्यवर्ती बँकेची देणी तिच्याच चलनात असतात, त्यामुळे व्यापारी बँकेसारखी ती बुडत नाही. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह 2022 पासून तोट्यात गेली, तेव्हा तिने तो 'पुढे भरून काढायची रक्कम' म्हणून ताळेबंदात नोंदवला आणि कामकाज चालू ठेवलं.

आपल्याकडचा हिशेब ढोबळ करू. मार्च 2025 अखेर रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद सुमारे 76 लाख कोटींचा होता आणि अनपेक्षित तोट्यासाठीची तरतूद त्याच्या 7.5 टक्के, म्हणजे साधारण 5.7 लाख कोटी. 1 लाख कोटींच्या हेलिकॉप्टरने ती 4.7 लाख कोटींवर येते, ताळेबंदाच्या 6 टक्क्यांच्या आसपास. ठरवलेली मर्यादा 4.5 ते 7.5 टक्के आहे, म्हणजे बँक अजून मर्यादेतच. पण ही तरतूद पुन्हा 7.5 टक्क्यांवर न्यायची तर अधिशेषातूनच न्यावी लागेल. 2024-25 साठी सरकारला 2,68,590 कोटी मिळाले होते. त्यातून 1 लाख कोटी कापले जाणं दिल्लीला कसं वाटेल, हे सांगायला नको.

आणि लाडकी बहीण?

हे हमखास उत्तरपत्रिकेत येतं: महिन्याला 1,500 रुपये खात्यात येतात, म्हणून ते हेलिकॉप्टर मनी. नाही. तो पैसा राज्याच्या अंदाजपत्रकातला आहे, करांतून किंवा बाजारात विकलेल्या राज्याच्या रोख्यांतून आलेला. एकाच्या खात्यातून गेला, दुसऱ्याच्या खात्यात आला. रिझर्व्ह बँकेची देणी वाढली नाहीत.

केंद्रालाही रिझर्व्ह बँकेकडून हवे तेवढे पैसे सरळ उचलता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेकडून सरळ उसने घ्यायची तदर्थ ट्रेझरी बिलांची पद्धत 1997 मध्ये बंद झाली आणि सरकारी तुटीला लगाम घालणाऱ्या एफआरबीएम कायद्याने एप्रिल 2006 पासून लिलावातच रोखे घेणं रिझर्व्ह बँकेला बंद केलं, अपवादाच्या परिस्थितीची वाट तेवढी ठेवून. म्हणून बातमी आली की दर शुक्रवारचा रिझर्व्ह बँकेचा साप्ताहिक तक्ता उघडा. देणी वाढली असतील, तर समोर काय वाढलं ते बघा: सरकारी रोखे, परकीय चलन की बँकांना दिलेलं कर्ज. तिथे काही ना काही सापडत असेल, तर ते हेलिकॉप्टर नव्हे.