महिनाअखेरीला डॉलरचं खातं आणि युरोची उधारी रुपयात कशी बसवायची

भोसरी, चाकणकडच्या बऱ्याच छोट्या कंपन्यांचं चित्र साधारण असं असतं, माल अमेरिकेला जातो म्हणून बँकेत डॉलरचं ईईएफसी खातं असतं आणि टूल्स किंवा स्पेअर पार्ट जर्मनीतून येतात म्हणून युरोत उधारी असते. पुस्तकं मात्र रुपयात. आता महिन्याच्या शेवटी त्या डॉलरची आणि त्या उधारीची रुपयातली किंमत बदललेली असते, ती पुस्तकात आणायची म्हणजेच रिव्हॅल्युएशन. मार्चला एकदाच केलं की झालं असं बरेच जण म्हणतात, पण बँकेला किंवा मालकाला दर महिन्याचा नफा-तोटा दाखवायचा असेल तर दर महिन्याला करावंच लागतं.

आधी ठरवा की कशाचं करायचं. जे पुढे परकीय चलनातच मिळणार किंवा द्यायचं आहे तेवढंच घ्यायचं, म्हणजे डॉलर खात्यातली शिल्लक आणि सप्लायरची न भरलेली बिलं (एक्स्पोर्टची येणी असतील तर तीही याच नियमात). आलेला माल, मशिन यांची किंमत हलवायची नाही, ती ज्या दिवशी नोंद झाली त्या दराने गोठली. आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो तो ॲडव्हान्सचा. मशिनसाठी ४,००० युरो आगाऊ पाठवलेत आणि त्याबदल्यात माल येणार आहे, पैसे परत येणार नाहीत, तर त्याचं रिव्हॅल्युएशन करायचं नाही. पण तो त्याच सप्लायरच्या लेजरमध्ये डेबिटला पडलेला असतो आणि लोक लेजरची नेट शिल्लक उचलून दराने गुणतात. म्हणून ॲडव्हान्ससाठी वेगळं लेजर काढा आणि ते रुपयातच ठेवा, युरोचा आकडा नरेशनमध्ये लिहा. ऑर्डर रद्द होऊन पैसे परत यायचे ठरले तर मात्र ते येणं झालं, मग त्यालाही महिनाअखेरचा दर लागतो.

मग दर. डॉलर, युरो, पौंड, येन यांचा रेफरन्स रेट एफबीआयएल कामाच्या दिवशी जाहीर करते, बहुतेक जण तोच घेतात. येनचा दर १०० येनला असतो हे विसरू नका, नाहीतर उधारी शंभरपट होते. महिन्याचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर त्याआधीच्या कामाच्या दिवसाचा दर घ्यायचा. ऑगस्ट २०२५ ला ३१ तारीख रविवारी होती, म्हणजे शुक्रवार २९ चा दर. कस्टम्सचा दर, जो बिल ऑफ एन्ट्रीवर छापलेला असतो, तो ड्युटी मोजण्यापुरता आहे, तो इथे आणू नका. बँकेच्या कार्ड रेटमध्ये बँकेचं मार्जिन असतं, म्हणून मी तोही टाळतो. आणि एका महिन्यात हा, दुसऱ्या महिन्यात तो असं करू नका, ऑडिटर पहिलं तेच विचारतो.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ, दर समजायला सोपे म्हणून धरलेत. डॉलर खात्यात २०,००० डॉलर आहेत, पुस्तकात ते १६,७०,००० रुपयांना दिसतात. जर्मन सप्लायरचं १५,००० युरोचं बिल १२ तारखेला ९१.२० ने नोंदवलं, म्हणजे १३,६८,०००. त्यातले ५,००० युरो २५ तारखेला भरले, बँकेने ९१.८० लावला, ४,५९,००० गेले. हे ५,००० पुस्तकात ४,५६,००० ला होते, सबब ३,००० तोटा, हा झालेला तोटा आहे आणि पेमेंटच्याच दिवशी नोंदवायचा, महिनाअखेरपर्यंत ठेवायचा नाही.

महिनाअखेरीला डॉलर ८४.१० आणि युरो ९२.०० आहे असं धरा. २०,००० डॉलर म्हणजे १६,८२,०००, पुस्तकात १६,७०,०००, फरक १२,००० फायदा. राहिलेले १०,००० युरो म्हणजे ९,२०,०००, पुस्तकात ९,१२,०००, उधारी ८,००० ने वाढली, तोटा. नोंदी अशा:

ईईएफसी बँक डेबिट १२,०००, फॉरेक्स फरक क्रेडिट १२,०००
फॉरेक्स फरक डेबिट ८,०००, जर्मन सप्लायर क्रेडिट ८,०००

लक्षात घ्या, या नोंदीने फक्त रुपये बदलतात, डॉलर आणि युरोचा आकडा जागचा हलत नाही. टॅलीत त्यामुळे साधी जर्नल मारू नका, नाहीतर लेजरची शिल्लक थोडी युरोत थोडी रुपयात अशी खिचडी होते. जर्नल व्हाउचर टाइपमध्ये फॉरेक्स ॲडजस्टमेंटचा क्लास बनवून घ्या आणि करन्सीच्या रेट ऑफ एक्स्चेंजमध्ये महिनाअखेरचा दर टाका, मग बॅलन्स शीटवरचं `Unadjusted Forex Gain/Loss` शून्यावर येतं. नाही आलं तर कुठलंतरी लेजर सुटलंय.

ताळा कसा बघायचा, तर प्रत्येक लेजरची रुपयातली शिल्लक भागिले परकीय चलनातली शिल्लक. ९,२०,००० ला १०,००० ने भागलं की ९२.०० आलं पाहिजे, बरोबर महिनाअखेरचा दर. बाकी काही आलं की काहीतरी चुकलंय, इतका साधा आणि इतका खरा ताळा दुसरा नाही.

याचा उपयोग पुढच्या महिन्यात कळतो. दोन पद्धती आहेत. एक, १ तारखेला रिव्हॅल्युएशनची नोंद उलटवायची, म्हणजे उधारी परत ९,१२,००० होते आणि पुढचा हिशोब मूळ दरापासून. दुसरी, काही उलटवायचं नाही, ९,२०,००० हीच नवी किंमत धरून पुढे चालायचं. पुढच्या महिन्यात ते १०,००० युरो ९१.५० ने भरले, ९,१५,००० गेले असं समजा. उलटवलं असेल तर त्या नोंदीतून ८,००० फायदा आणि पेमेंटवर ३,००० तोटा, निव्वळ ५,००० फायदा. उलटवलं नसेल तर ९,२०,००० मधून ९,१५,०००, तोच ५,००० फायदा. दोन्ही चालतात. चुकतं कधी, तर नोंद उलटवलेली नाही आणि पुढच्या महिनाअखेरीला एक्सेलमध्ये परत मूळ ९१.२० शी फरक काढला. समजा बिल अजून भरलेलं नाही आणि युरो तिथेच ९२.०० ला आहे, तरी शीट ८,००० तोटा दाखवते, तो टाकला की उधारी ९,२८,००० होते. भागा, ९२.८०. असा दर बाजारात नव्हताच! फरक नेहमी बिलाच्या मूळ दराशी नाही, तर लेजरमध्ये आत्ता दिसणाऱ्या रुपयांशी काढायचा.

फॉरवर्ड कव्हर घेतलं असेल तर त्याचा हिशोब वेगळा चालतो, तो सीएला विचारून करा, बिलाच्या रिव्हॅल्युएशनमध्ये मिसळू नका.

आणि शेवटी अशी लेजर शोधा ज्यात परकीय चलन शून्य आहे पण रुपये उरलेत, म्हणजे युरो सगळे भरून झाले आणि लेजरला २,७५० क्रेडिट लटकतंय. ती कुणाला द्यायची उधारी नाही, पेमेंटच्या वेळचा फरक नोंदवायचा राहिलाय. पेमेंट व्हाउचर उघडून बँकेच्या ॲडव्हाइसशी दर जुळवा, जुळला की तेवढी रक्कम फॉरेक्स फरकाला टाका, आणि मगच त्या महिन्याचं ट्रायल बॅलन्स सीएला पाठवा.