ट्वीट, पोस्ट, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज: संदर्भ देताना या चुका टाळा

प्रबंध छापायला जाण्याआधी त्यांच्या संदर्भसूच्या तपासायचं काम मी करते. पुस्तकांच्या नोंदी बहुतेकांना नीट जमतात. ट्वीट आलं की मात्र नुसती लिंक चिकटवलेली असते, किंवा ‘ट्विटरवरून साभार’ एवढंच.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या एका मुलीने २०१४च्या लोकसभा निवडणुकीवर लिहिलं होतं. नरेंद्र मोदींच्या ‘भारत की विजय’ या प्रसिद्ध ट्वीटपुढे तिने १५ मे २०१४ ही तारीख टाकली होती आणि मजकुरात वाक्य होतं, ‘मतमोजणीच्या आदल्याच रात्री विजय जाहीर केला.’ मतमोजणी १६ मेला झाली. मी फोन केला तर म्हणाली, “ताई, माझ्या स्क्रीनवर तेच दिसतंय.” तिने स्क्रीनशॉट पाठवला. खरंच रात्रीचे ११:३९, १५ मे.

तिचं पाहणं चुकलं नव्हतं. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, पाहणाऱ्याच्या ठिकाणची वेळ दाखवतं. त्या क्षणी भारतात १६ मेचे दुपारचे १२:०९ झाले होते आणि मतमोजणीचे कल स्पष्ट होऊ लागले होते. साडेबारा तासांच्या फरकाने तिच्या अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ उलटा झाला.

म्हणून स्क्रीनवरच्या तारखेवर मी कधीच थांबत नाही. नोव्हेंबर २०१० नंतरच्या प्रत्येक ट्वीटची वेळ लिंकमधल्या लांबलचक आकड्यातच दडलेली असते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ही ओळ टाका; यातला पहिला आकडा मोदींच्या त्या ट्वीटचा आहे:

```
new Date(Number((467192528878329856n >> 22n)
  + 1288834974657n)).toISOString()
```

उत्तर येतं `2014-05-16T06:39:13.559Z`. शेवटचा `Z` म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. नोंदीत मी तारखेसोबत वेळ आणि ‘भारतीय प्रमाणवेळ’ हे शब्द लिहितेच. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातल्या पोस्टसाठी तर यात तडजोड नको, कारण तेव्हा जागतिक वेळेत आदला दिवस चालू असतो.

हा आकडा एक्सेलमध्ये तसाच चिकटवू नका. एक्सेल पंधरा अंकच जपतं आणि पुढच्यांचे शून्य करतं, म्हणजे शेवटच्या `856` चे `000` होतात. तारीख बहुधा तरीही बरोबर निघते, पण लिंक उघडत नाही. तो कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या.

नावासोबत हँडल हवंच. वर दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतं. हँडलही बदलता येतं, ट्वीटचा आकडा मात्र बदलत नाही. माझी नोंद अशी असते:

```
नरेंद्र मोदी [@narendramodi], “India has won! भारत की विजय।
अच्छे दिन आने वाले हैं।”, ट्विटर, १६ मे २०१४,
दु. १२:०९ (भारतीय प्रमाणवेळ),
https://twitter.com/narendramodi/status/467192528878329856
```

याखाली जतन केलेल्या प्रतीची लिंक येते, आणि दुसरा मोठा घोळ इथे होतो. लोक `web.archive.org/save` वर लिंक टाकतात, ‘झालं’ असं दिसलं की टॅब बंद करतात. ती प्रत उघडून कुणी पाहत नाही. फेसबुकच्या बाबतीत अनेकदा लॉगिनचं पान जतन झालेलं असतं, एक्सच्या बाबतीत कोरं पान. पोस्ट उडाल्यावर हे कळतं आणि तेव्हा हातात काही उरत नाही. प्रत प्रायव्हेट विंडोमध्ये उघडा आणि मजकुराचा पहिला आणि शेवटचा शब्द दिसतोय का ते बघा. दिसत नसेल तर `archive.ph` वर प्रयत्न करा, आणि स्क्रीनशॉट तर दोन्ही वेळा ठेवा. `web.archive.org` वरच्या प्रतीच्या पत्त्यातला चौदा अंकी आकडा प्रत घेतल्याची वेळ सांगतो, तीही जागतिक प्रमाणवेळेत. तो पोस्टची तारीख म्हणून लिहिलेला मी कितीदा तरी खोडला आहे.

रेडिटवर आख्ख्या चर्चेची लिंक देऊ नका, त्या एका प्रतिसादाची द्या.

व्हॉट्सअ‍ॅपला सार्वजनिक लिंक नसते, त्यामुळे वाचकाला तो मेसेज उघडून पाहता येत नाही. संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत असा मजकूर खाजगी संवाद धरतात. त्याचा उल्लेख मजकुरातच करायचा, सूचीत नाही. ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून मिळालेली फाईल स्वतःजवळ ठेवा, फोन नंबर झाका, बोलणाऱ्याची परवानगी घ्या. आणि मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असेल तर पाठवणाऱ्या काकांना लेखक करू नका. तिथे मी ‘लेखक अज्ञात, फॉरवर्ड’ असं लिहून मेसेज मिळाल्याची तारीख टाकते.