होडीमागचा ‘व्ही’ कसा मोजावा आणि तो वेगाबरोबर का बदलत नाही

होडी संथ पाण्यातून चालली की तिच्यामागे लाटांचा ‘व्ही’ उमटतो. होडीचा वेग वाढला की हा ‘व्ही’ अरुंद होत जाईल, असा बहुतेकांचा अंदाज असतो. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानामागे तसं घडतंही. पण खोल पाण्यावर मात्र बदक पोहू दे किंवा मालवाहू जहाज जाऊ दे, ‘व्ही’चा प्रत्येक बाहू मधल्या रेषेशी सुमारे साडेएकोणीस अंशांचाच कोन करतो. दोन्ही बाहू मिळून होतात ३९ अंश. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी १८८७ मध्ये एडिंबरा इथल्या व्याख्यानात याचं गणित मांडलं. ते तपासायला फारसं साहित्य लागत नाही. उपग्रहाचं एक छायाचित्र, एक ए-४ कागद, पट्टी आणि कंपास पुरे.

आधी त्रिकोण कापून घ्या

कोनमापकाने अर्धा अंश मोजायची कसरत करू नका. ए-४ कागद आपलं काम फुकटात करतो. कागद उभा धरा, वरच्या आखूड बाजूचा मध्यबिंदू काढा (१०.५ सेंमीवर येईल) आणि तिथून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेषा ओढा. या दोन रेषांमधला कोन म्हणजेच केल्विनचा कोन, आणि तोही जवळपास नव्हे, गणिताने तंतोतंत! ए-४ची लांबी रुंदीच्या वर्गमूळ-दोन पट असते आणि होडीमागच्या ‘व्ही’ची लांबी आणि रुंदीही त्याच प्रमाणात असतात. म्हणजे होडीच्या मागे १० मीटरवर ‘व्ही’ सुमारे ७ मीटर रुंद असायला हवा. कागदाला उभी मधली रेषाही आखून ठेवा. मोठा त्रिकोण स्क्रीनवर पेलत नसेल तर दुसरा ए-४ कागद दोनदा मधोमध दुमडून ए-६ करा आणि त्यावर तशाच रेषा ओढा. प्रमाण तेच राहतं, म्हणून कोनही तोच.

छायाचित्र निवडताना

गूगल अर्थवर किंवा दुसऱ्या कुठल्याही उपग्रह-नकाशावर खोल जलाशय शोधा. आपल्याकडे तापोळ्याजवळचा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, चांगला. बंदरातल्या बोटींची छायाचित्रं सहज सापडतात, पण तिथलं पाणी किती खोल आहे हे आधी बघायला हवं. त्याचं कारण पुढे येईलच. होडी बराच वेळ सरळ रेषेत आणि एकाच वेगाने चाललेली असावी. ती वळली असेल तर दोन्ही बाहू सारखे दिसणार नाहीत. नुकतीच सुटलेली असेल तर लांबवरचा ‘व्ही’ अजून तयारच झालेला नसतो. पहिल्या प्रयत्नासाठी आठ-दहा मीटर किंवा त्याहून लांब, संथ चालणारी लाँच निवडा. स्पीडबोट नको.

त्रिकोणाचं टोक होडीच्या नाळेवर, म्हणजे तिच्या पुढच्या टोकावर, आणि मधली रेषा तिच्या मार्गावर ठेवा. मग बाहू जुळतात का ते पाहा. टोक थोडं मागेपुढे सरकवावं लागेल, कारण होडी हा एक बिंदू नसतो आणि लाटा नाळेपासूनही उठतात, मागच्या बाजूनेही.

इथे दोन गोष्टी हमखास चकवतात. पहिली म्हणजे होडीच्या थेट मागचा पांढरा, अरुंद पट्टा. तो पंख्याने घुसळलेला फेस असतो. ‘व्ही’ त्याच्या पुष्कळ बाहेर असतो. दुसरी चूक जास्त लबाड आहे. ‘व्ही’चा बाहू म्हणजे एकच लांब लाट, असं आपण धरून चालतो. चित्र मोठं करून पाहिलं तर तिथे आखूड, तिरक्या लाटांची ओळ दिसते. एकीमागे एक, पिसांसारख्या. यातली एकेक लाट होडीच्या मार्गाशी सुमारे ५५ अंशांचा कोन करते, पण त्या सगळ्यांची बाहेरची टोकं जोडली की जी रेषा मिळते ती साडेएकोणीस अंशांची असते. पट्टी लाटेवर ठेवायची नाही, टोकांच्या या रेषेवर ठेवायची.

कोन कागदावर उभा करा

आता त्याच ए-४च्या मध्यरेषेवर हा कोन कुठून येतो ते काढून पाहू. वरचा मध्यबिंदू म्हणजे होडी या क्षणी जिथे आहे ती जागा. तिला ब म्हणू. मध्यरेषेवर ब पासून १२ सेंमी खाली अ ही खूण करा. होडी काही वेळापूर्वी तिथे होती. अ पाशी तिने पाणी ढवळलं आणि सगळ्या दिशांना, सगळ्या लांबीच्या लाटा सोडल्या. यातल्या बहुतेक लाटा होडीने आधी आणि नंतर सोडलेल्या लाटांशी भिडून विरून जातात. टिकतात फक्त होडीशी पाऊल जुळवून चालणाऱ्या. प्रत्येक दिशेला अशी एकाच वेगाची लाट असते. सरळ पुढे जाणारी लाट होडीच्याच वेगाने पळायला हवी, म्हणजे तितक्या वेळात तिने १२ सेंमी जायला हवं. मार्गाशी ६० अंशांत निघालेल्या लाटेला होडीचा निम्मा वेग पुरतो, म्हणजे ६ सेंमी. ९० अंशांच्या जवळ निघालेली लाट जवळपास जागीच राहते.

खरी गोम आता येते. खोल पाण्यात लाटेचा माथा ज्या वेगाने सरकतो, त्याच्या निम्म्याच वेगाने लाटांचा समूह सरकतो. तळ्यात दगड टाका आणि पसरत्या वलयांमधल्या एकाच माथ्यावर नजर ठेवा. तो समूहाच्या मागच्या कडेला उगवतो, समूहातून पुढे धावतो आणि पुढच्या कडेला नाहीसा होतो. ढवळण्याची ऊर्जा समूहाबरोबर जाते, माथ्याबरोबर नाही. म्हणून आपल्याला दिसणारी लाट १२ सेंमीवर नाही, ६ सेंमीवर सापडते. ६० अंशांतली ६ सेंमीवर नाही, ३ सेंमीवर.

अ पासून वेगवेगळ्या दिशांना ही निम्मी अंतरं मोजून खुणा केल्या तर त्या एका वर्तुळावर पडतात. त्याचा व्यास ६ सेंमी असतो, तो अ पासून सुरू होतो आणि अब च्या मध्यावर संपतो. म्हणजे वर्तुळाची त्रिज्या ३ सेंमी आणि केंद्र होडीपासून ९ सेंमीवर. कंपासने हे वर्तुळ काढा. मग होडी त्याआधी आणि नंतर जिथे जिथे होती तिथल्यासाठीही काढा: केंद्र ३ सेंमीवर तर त्रिज्या १, केंद्र ६ वर तर त्रिज्या २, केंद्र १८ वर तर त्रिज्या ६. प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या होडीपासून केंद्रापर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांश. ही सगळी वर्तुळं कागदावर आधीच आखलेल्या, कोपऱ्यांकडे जाणाऱ्या तिरप्या रेषांना स्पर्श करतात, पण एकही त्यांच्या बाहेर जात नाही. ज्या कोनाचा साइन एक तृतीयांश असतो तो कोन म्हणजे १९.४७ अंश. लाटा कडेला जास्त उंच दिसतात, कारण तिथे लगतच्या वर्तुळांवरच्या लाटा एकमेकींवर चढतात.

या सगळ्या खटाटोपात होडीचा वेग किती, हे आपण एकदाही विचारलं नाही. १२ सेंमी म्हणजे १२ मीटर की १२० मीटर, हेही ठरवलं नाही. वेग वाढला की होडीशी पाऊल जुळवणाऱ्या लाटा लांब होतात, कारण खोल पाण्यात लांब लाटाच जास्त वेगाने पळतात. त्यामुळे फोटो मोठा केल्यासारखा सगळा नमुना मोठा होतो आणि कोन आहे तसाच राहतो. आवाजाचं असं नाही. त्याच्या सगळ्या लाटा एकाच वेगाने जातात, म्हणून विमानाने वेग वाढवला की त्याचा शंकू आवळत जातो.

मग वेग कुठे दिसतो?

लाटांच्या लांबीत. ‘व्ही’च्या पोटात, होडीच्या मार्गाला आडव्या, किंचित कमानदार लाटा दिसतात. फेसाच्या पट्ट्याला लागूनच त्यांच्या दोन माथ्यांमधलं अंतर गूगल अर्थच्या मोजपट्टीने मोजा. एकच अंतर मोजू नका. लागोपाठचे पाच माथे घ्या आणि एकूण अंतराला चारने भागा. मीटरमधल्या या लांबीचं वर्गमूळ काढून सव्वाने गुणलं की होडीचा वेग सेकंदाला मीटरमध्ये मिळतो.

समजा, १५ मीटर लांबीच्या लाँचमागे पाच माथे ४८ मीटरमध्ये बसले. एक लांबी १२ मीटर, तिचं वर्गमूळ ३.४६, सव्वापट केल्यावर ४.३. म्हणजे लाँच ताशी साडेपंधरा किलोमीटरने, सव्वाआठ-साडेआठ नॉट्सने चालली आहे. एका स्थिर चित्रावरून चालत्या बोटीचा वेग काढता येतो ही या प्रयोगातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

त्रिकोण जुळत नसेल तर

‘व्ही’ त्रिकोणाच्या बाहेर फाकला असेल तर पाणी उथळ असण्याचा दाट संभव आहे. निम्म्या वेगाचा नियम खोल पाण्याचा आहे, आणि खोल म्हणजे आडव्या लाटेच्या निम्म्या लांबीपेक्षा जास्त. आपल्या लाँचला किमान ६ मीटर पाणी हवं. तीच लाँच त्याच वेगाने २ मीटर पाण्यात शिरली तर तिचा वेग तिथल्या सर्वात वेगवान लाटेच्या, म्हणजे सेकंदाला ४.४ मीटरच्या, अगदी जवळ पोहोचतो आणि बाहू भलतेच फाकतात.

‘व्ही’ त्रिकोणाच्या आत, अरुंद दिसत असेल तर होडी तिच्या लांबीच्या मानाने फार जोरात चालली आहे. ६ मीटरची स्पीडबोट सेकंदाला १२ मीटरने जाते तेव्हा तिच्याशी पाऊल जुळवणारी आडवी लाट ९२ मीटर लांब असायला हवी. एवढीशी बोट एवढी लांब लाट जोरात उठवू शकत नाही. ती आखूड लाटा उठवते, आणि त्या मधल्या रेषेच्या जवळ राहतात. मार्क राबो आणि फ्रेडरिक मोझी या फ्रेंच संशोधकांनी २०१३ मध्ये उपग्रह-छायाचित्रांवर असेच कोन मोजून हे दाखवलं. केल्विनची सीमा तेव्हाही पाण्यावर असतेच. फक्त सर्वात उंच लाटा तिच्या आत सरकतात आणि डोळा त्यांनाच ‘व्ही’ समजतो. म्हणून त्रिकोण लावण्याआधी एक हिशोब करा. होडीच्या लांबीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ घ्या आणि त्याला दीडने गुणा. सेकंदाला मीटरमधला वेग या आकड्याच्या आत असेल तर कोन साडेएकोणीसच्या आसपास मिळायला हवा. १५ मीटरच्या लाँचसाठी हा आकडा ५.८ येतो, त्यामुळे आपली लाँच मर्यादेत आहे.

नदीतल्या होडीवर हे करत असाल तर मिळणारा वेग पाण्याच्या सापेक्ष असतो, काठाच्या नाही. होडीच्या जीपीएसचा आकडा हाती असेल तर होडी प्रवाहाच्या दिशेने किंवा थेट उलट चाललेली असताना दोन्हींतला फरक म्हणजे प्रवाहाचा वेग.