दात घासण्याचे गाणे: आमच्या घरी लागू पडलेला उपाय

आमची दोन वर्षांची मुलगी ब्रश पाहताच ओठ घट्ट मिटून घेत असे. मालवणच्या आमच्या घरी गाणी पुष्कळ म्हटली जातात, परंतु ‘ऊ’ किंवा ‘म’ने संपणाऱ्या ओळीला तिचे ओठ पुन्हा जवळ येत. म्हणून मी प्रत्येक ओळ ‘आ’ किंवा ‘ई’ या स्वरावर संपेल असे नवे गाणे रचले.

लाट आली किनाऱ्याला, तोंड उघड, आ आ आ!
खेकडा दाढेमागं लपला, काढू त्याला, आ आ आ!
होडी आली बंदरी, दात दाखव, ई ई ई!
दिसली शिंपली पांढरी, घासू तिला, ई ई ई!

तिचे डोके मागून मांडीवर टेकवून घेतले, की वरचा ओठ बोटाने अलगद उचलता येतो आणि हिरडीची कडा नीट दिसते. ‘आ’ म्हणताना दाढांचा माथा आणि दातांची आतली बाजू घासावी. ‘ई’ म्हणताना दात मिटलेले असल्याने फक्त बाहेरची बाजू घासली जाते, तेव्हा ‘आ’च्या ओळी मुळीच गाळू नयेत. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घ्यावी.

चाल संथ ठेवावी, कारण गाणे वेगाने म्हटले की हातही वेग घेतो आणि ब्रश हिरडीला लागतो. एक आवर्तन साधारण अर्ध्या मिनिटाचे होते, त्यामुळे उजवी-डावी, वर-खाली अशा चार भागांसाठी चार आवर्तने म्हटली की दोन मिनिटे भरतात.